तीन हजार तीनशेचे दोन हजार शंभर का होतात? सोलर पॅनलच्या डेटाशीटवरील दोन ओळी समजून घेताना

छतावर ३.३ किलोवॉटचे पॅनल बसवलेले आहेत, आकाश निरभ्र आहे, उन्हाळ्यातील दुपारचा एक वाजला आहे आणि इन्व्हर्टरच्या पडद्यावर आकडा दिसतो आहे २.१ किलोवॉट. नव्याने सोलर बसवलेल्या बहुतेकांना पहिल्याच उन्हाळ्यात हा धक्का बसतो, आणि मग दोनपैकी एक शंका मनात येते: एक तर पॅनल सदोष आहेत, किंवा ‘पॉली घेतले म्हणून फसलो, मोनो घ्यायला हवे होते’. दुसऱ्या शंकेला विक्रेत्यांच्या बोलण्यातूनही खतपाणी मिळते. ‘मोनोची कार्यक्षमता जास्त असते आणि ते उन्हात कमी पडत नाही’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर येते, की त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत हे लक्षातच येत नाही. पॅनलच्या तांत्रिक माहितीपत्रकावर, म्हणजे डेटाशीटवर, या दोन गोष्टी दोन वेगळ्या ओळींत छापलेल्या असतात. एक ओळ कार्यक्षमतेची आणि दुसरी तापमान गुणांकाची. त्या वाचता आल्या, तर २.१ हा आकडा कुठून आला याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

## एका दगडाची टाकी आणि तुकड्यांची टाकी

मोनो आणि पॉली या दोन्ही पॅनलमधील सेल सिलिकॉनचेच असतात. फरक असतो तो वितळलेले सिलिकॉन थिजवण्याच्या पद्धतीत.

सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. मोनोसाठी या वितळलेल्या सिलिकॉनला वरून एक छोटा बीजस्फटिक टेकवतात आणि तो गोल फिरवत अगदी सावकाश वर ओढतात. बीजातील अणूंची जी मांडणी असते, तीच पुढे चालू राहते आणि सलग एका स्फटिकाचा लांब दंडगोल तयार होतो. पोलंडचे शास्त्रज्ञ यान चोक्राल्स्की यांनी १९१६ मध्ये शोधलेली ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पॉलीसाठी एवढा खटाटोप नसतो. सिलिकॉन चौकोनी मुशीत वितळवून तळापासून वर थंड होऊ देतात. तेव्हा अनेक ठिकाणी एकाच वेळी स्फटिक वाढू लागतात, एकमेकांना भिडतात आणि तिथे सांधे तयार होतात. पॉली पॅनलवर निळ्या रंगाचे जे लहानमोठे तुकडे चमकताना दिसतात, ते हेच वेगवेगळे स्फटिक होत. जुन्या मोनो सेलचे कोपरे कापलेले दिसतात, कारण गोल दंडातून चौकोन काढताना चारही कोपरे पूर्ण भरू दिले, तर महागडे सिलिकॉन वाया जाते.

हे सांधे इतके महत्त्वाचे का, हे कळण्यासाठी सेल म्हणजे उंचावर बांधलेली पाण्याची टाकी आहे असे समजू. सूर्यप्रकाश हा पंप. तो इलेक्ट्रॉनरूपी पाणी वर चढवतो आणि आपण नळ सोडून ते खाली आणताना त्याच्याकडून काम करून घेतो. नळातून किती पाणी वाहते, तो विद्युतप्रवाह, आणि टाकीत पाणी किती उंचीवर उभे आहे, तो व्होल्टेज. मोनोची टाकी एका अखंड दगडात कोरलेली आहे, तर पॉलीची टाकी दगडाचे तुकडे जोडून बांधलेली आहे, आणि जुळणी कितीही चांगली केली तरी सांध्यांतून थोडे पाणी झिरपतेच. प्रत्यक्ष सेलमध्ये या झिरपण्याचा अर्थ असा, की प्रकाशाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोहोचण्याआधीच स्फटिकातील दोषापाशी अडकतो आणि परत जागच्या जागी बसतो. अखंड दगडाची टाकीही पूर्णपणे कोरडी राहत नाही, तीही थोडी पाझरते. पण कमी.

आता सगळे नळ बंद केले, तर पाणी कोणत्या पातळीवर थांबेल? जिथे वर येणारे पाणी आणि झिरपणारे पाणी समसमान होईल तिथे. डेटाशीटवर या पातळीला Voc म्हणतात, म्हणजे पॅनलला काहीही जोडलेले नसताना मिळणारे व्होल्टेज. गळती जितकी कमी, तितकी ही पातळी उंच. हे घरबसल्या तपासता येते. ७२ सेलच्या ३३० वॉटच्या एका नमुनेदार पॉली पॅनलचा Voc ४५.९ व्होल्ट आहे असे धरू. ७२ ने भागले की एका सेलमागे ०.६४ व्होल्टच्या आसपास येते. ५५० वॉटच्या मोनो पॅनलचा Voc ४९.८ व्होल्ट असेल, तर एका सेलमागे ०.६९ व्होल्ट पडतात. या दुसऱ्या पॅनलवर १४४ अर्धे सेल असतात, पण ते ७२-७२ च्या दोन समांतर गटांत जोडलेले असल्यामुळे भागायचे ७२ नेच. हा पाच शतांश व्होल्टचा फरक पुढे तापमानाच्या ओळीत पुन्हा भेटणार आहे.

## कार्यक्षमता हा जागेचा हिशेब आहे

डेटाशीटवर ‘मोड्यूल एफिशियन्सी’ या ओळीत १७.० किंवा २१.३ असा टक्क्यांतील आकडा असतो. हा आकडा कसा काढतात ते पाहिले की त्याचा अर्थ आपोआप उलगडतो:

```
कार्यक्षमता (%) = Pmax ÷ (क्षेत्रफळ × १०००) × १००
```

Pmax म्हणजे पॅनलची कमाल शक्ती, वॉटमध्ये. १००० हा आकडा प्रत्येक चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रमाणित प्रकाशाचा, तोही वॉटमध्येच. आपल्या पॉली पॅनलचे माप १.९५६ मीटर गुणिले ०.९९२ मीटर, म्हणजे १.९४ चौरस मीटर आहे. त्यावर १९४० वॉटचा प्रकाश पडतो आणि ३३० वॉट वीज निघते, म्हणून १७ टक्के. मोनो पॅनलचे माप २.२७८ गुणिले १.१३४ मीटर, म्हणजे २.५८ चौरस मीटर आहे, आणि ५५० भागिले २५८३ केले की २१.३ टक्के येतात.

आता ३.३ किलोवॉट उभे करायचे असतील, तर पॉलीचे १० पॅनल लागतील आणि ते १९.४ चौरस मीटर जागा घेतील. मोनोचे ६ पॅनल पुरतील आणि जागा १५.५ चौरस मीटर लागेल. दोन्हीकडे पाटी ३३०० वॉटचीच आहे, आणि पाटीवरील आकडा ज्या प्रकाशात व ज्या तापमानाला मोजतात, तिथे दोन्हींतून सारखीच वीज मिळेल. २१ टक्क्यांचे पॅनल १७ टक्क्यांच्या पॅनलपेक्षा ‘जास्त वीज देते’ हे विधान फक्त चौरस मीटरमागे खरे आहे. पाटीवरील वॉटमागे ते खरे नाही. जागा अपुरी असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण त्याच १९.४ चौरस मीटरमध्ये मोनोचे ७ पॅनल, म्हणजे ३८५० वॉट बसवता येतात. जागा मुबलक असेल, तर कार्यक्षमतेचा फायदा उरतो तो सांगाडा, नट-बोल्ट आणि मजुरी यांच्यातील बचतीपुरता.

इथे एक सावधगिरी बाळगावी. काही पत्रकांवर मोड्यूलऐवजी सेलची कार्यक्षमता ठळक अक्षरांत छापलेली असते, आणि ती नेहमीच जास्त दिसते, कारण तिच्यात चौकट, दोन सेलमधल्या मोकळ्या फटी आणि काच यांचा हिशेब नसतो. छतावर आपण चौकटीसकट पॅनल बसवतो, सुटा सेल नव्हे. म्हणून आकड्याबद्दल शंका आली, तर लांबी-रुंदी पाहून वरचा भागाकार स्वतःच करावा.

## मग उरलेले ७९ टक्के वाया जातात का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर टाकीच्या उंचीत आहे. सूर्यप्रकाशातील काही किरण इतके दुबळे असतात, की त्यांनी उडवलेले पाणी टाकीच्या काठापर्यंत पोहोचतच नाही. काही किरण गरजेपेक्षा जास्त जोराचे असतात. ते पाणी काठाच्या बरेच वर उडवतात, पण ते पुन्हा टाकीतच पडते आणि वरच्या उडीची मेहनत उष्णतेत जाते. ही तूट सिलिकॉनच्या गुणधर्मातच आहे. त्यामुळे कारागिरी कितीही निर्दोष असली, तरी साध्या सिलिकॉन सेलची सैद्धांतिक मर्यादा २९ टक्क्यांच्या जवळपास थांबते. बेल लॅबोरेटरीजमध्ये १९५४ साली सादर झालेला पहिला व्यवहार्य सिलिकॉन सेल सुमारे ६ टक्क्यांचा होता. म्हणून २१ हा आकडा १०० शी ताडून पाहण्यात अर्थ नाही, तो २९ शी ताडून पाहावा.

## तापमान गुणांक: उणे चिन्हामागचे कारण

पाटीवरील ३३०० वॉट हे प्रयोगशाळेतील आहेत. तिथली स्थिती जगभर ठरलेली असून तिला एसटीसी म्हणतात. तिच्यात प्रकाश दर चौरस मीटरला १००० वॉट आणि सेलचे तापमान २५ अंश असते. हे २५ अंश हवेचे नव्हेत, खुद्द सेलचे आहेत. भर उन्हातला पॅनल २५ अंशांवर असणे ही दुर्मीळ घटना आहे.

सेल तापला की टाकीत दोन गोष्टी घडतात. टाकीची उंचीच किंचित कमी होते, आणि गळती बरीच वाढते. उंची कमी झाल्यामुळे पूर्वी काठापर्यंत न पोहोचणारे थोडे पाणी आता आत येते, म्हणून प्रवाह किंचित वाढतो. पण पातळी त्याहून पुष्कळ जास्त खाली उतरते. प्रत्येक अंशामागे प्रत्येक सेलचे व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. एकूण परिणाम वजाबाकीचाच राहतो आणि तोच डेटाशीटवर उणे चिन्हासह छापलेला असतो. पॉलीसाठी Pmax चा तापमान गुणांक साधारण उणे ०.४० टक्के प्रति अंश असतो, तर ‘पर्क’ या प्रकारच्या सर्वसाधारण मोनो पॅनलसाठी तो उणे ०.३५ टक्के असतो. काही पत्रकांवर प्रति अंश सेल्सिअसऐवजी प्रति केल्विन लिहिलेले असते, पण इथे अंशांमधील फरक मोजायचा असल्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच.

मोनोचा गुणांक कमी का? मघाचा पाच शतांशाचा फरक इथे कामी येतो. अंशामागची घट दोन्हींत जवळपास सारखीच, २ मिलिव्होल्टच्या आसपास आहे. पण ६४० मधून २ जाणे आणि ६९० मधून २ जाणे यांची टक्केवारी वेगळी निघते. शिवाय कमी गळतीच्या टाकीत ही घटही किंचित कमी असते. म्हणजे ‘मोनोला ऊन सोसते’ यामागे मोनोचा वेगळा असा गुण नाही. कमी गळती हे एकच कारण आहे, आणि त्यातूनच जास्त कार्यक्षमता व कमी गुणांक हे दोन्ही निघतात. याच कारणाने टॉपकॉन प्रकारच्या मोनो सेलचा गुणांक उणे ०.३० च्या आसपास आणि हेटेरोजंक्शन प्रकाराचा त्याहूनही कमी असतो, कारण त्यांत सेलच्या पृष्ठभागावरची आणि जोडांवरची गळतीही रोखलेली असते. आज नव्याने बाजारात येणारे बहुतांश पॅनल मोनोच आहेत. म्हणून पत्रकावर ‘मोनो’ शब्द दिसला की थांबू नये, गुणांकाची ओळ वाचावी.

## त्या दुपारचा हिशेब

सेल किती तापेल याचा अंदाज काढायला डेटाशीटवर आणखी एक आकडा असतो. त्याला एनओसीटी म्हणतात आणि नव्या पत्रकांवर एनएमओटी. हवा २० अंश, प्रकाश ८०० वॉट आणि वाऱ्याची हलकी झुळूक असताना मोकळ्या सांगाड्यावरील सेल कोणत्या तापमानाला स्थिरावतो, हे तो सांगतो. बहुतेक पॅनलचा हा आकडा ४५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे ८०० वॉटच्या उन्हात सेल हवेपेक्षा २५ अंशांनी जास्त तापतो.

समजा, हवा ४० अंश आहे आणि पॅनलवर दर चौरस मीटरला ८०० वॉट प्रकाश पडतो आहे. धूसर हवा आणि पॅनलचा कल लक्षात घेता, निरभ्र वाटणाऱ्या दिवशीही असा आकडा येऊ शकतो. सेल ४० अधिक २५, म्हणजे ६५ अंशांवर आहे. प्रयोगशाळेतील २५ अंशांपेक्षा हे ४० अंशांनी जास्त झाले.

प्रकाशच ८० टक्के आहे, म्हणून ३३०० चे आधी २६४० वॉट झाले. पॉलीची तापमानामुळे होणारी घट ४० गुणिले ०.४०, म्हणजे १६ टक्के. उरले २२१८ वॉट. मोनोची घट ४० गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के. उरले २२७० वॉट. यापुढे इन्व्हर्टर, तारा आणि काचेवरची धूळ मिळून चार-पाच टक्के घेतात आणि पॉलीचा आकडा २.१ किलोवॉटवर येतो. मोनो असते, तर पडद्यावर जेमतेम २.२ दिसले असते.

म्हणजे ३.३ वरून २.१ वर येण्यात गेलेल्या १२०० वॉटपैकी मोनो-पॉली या फरकाचा वाटा सुमारे ५० वॉटचा आहे. तोही उन्हाळ्यातील भर दुपारचा. वर्षभर पॅनल काम करत असताना सेलचे सरासरी तापमान ५० अंश धरले, तर फरक २५ गुणिले ०.०५, म्हणजे सव्वा टक्का पडतो. हा फरक खरा आहे आणि वीस-पंचवीस वर्षांत त्याची बेरीजही होते, पण ‘पॉली घेऊन फसलो’ म्हणण्याएवढा तो मोठा नाही.

खालच्या हवेचा परिणाम त्याहून मोठा ठरू शकतो. एनओसीटीचा आकडा मोकळ्या सांगाड्यासाठी असतो. तेच पॅनल पत्र्याला जवळजवळ चिकटवून बसवले आणि मागून हवा खेळायला वाट ठेवली नाही, तर सेल सहज आणखी १० अंशांनी तापतो. मग ७५ अंशांवरच्या मोनोची घट साडेसतरा टक्के होते, म्हणजे नीट उंचावर बसवलेल्या पॉलीपेक्षा जास्त. चांगला गुणांक पाहून घेतलेले पॅनल दोन बोटांच्या फटीवर बसवले, तर त्या निवडीचा फायदा पत्र्यानेच खाल्ला असे समजावे.

## काळा पॅनल जास्त तापत नाही का?

मोनो काळे दिसते आणि काळी वस्तू उन्हात जास्त तापते, तेव्हा मोनो गरम भागात वाईट, असा एक आक्षेप असतो. तो वरवर पटण्याजोगा आहे, पण पॅनलमध्ये शोषलेल्या प्रकाशाचा एक भाग वीज होऊन तारेने बाहेर जातो, हे त्यात विसरले जाते. दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाशात पॉली १७० वॉट बाहेर पाठवते आणि मोनो २१३ वॉट. म्हणजे तितक्याच जागेत मोनोकडे उष्णता होऊन उरणारे वॉट सुमारे ४० ने कमी असतात. निळसर पॉली थोडा जास्त प्रकाश परत पाठवते हे खरे, पण परावर्तन कमी करणाऱ्या लेपामुळे दोन्हींतील परावर्तन मुळातच थोडे असते. दोन्ही पत्रकांवर एनओसीटीचा आकडा जवळपास सारखाच दिसतो, तो यामुळेच.

## थंडीत हाच गुणांक उलटा फिरतो

उणे चिन्ह दोन्ही बाजूंनी लागू पडते. सेल २५ अंशांच्या खाली गेला, की पूर्ण प्रकाशात शक्ती पाटीपेक्षा वाढते, आणि गंमत म्हणजे पॉलीची मोनोपेक्षा जास्त वाढते. हा फायदा किरकोळ आहे, पण त्याच वेळी वाढणाऱ्या व्होल्टेजकडे दुर्लक्ष केल्यास इन्व्हर्टर जाऊ शकतो. डेटाशीटवर Voc साठी वेगळा गुणांक दिलेला असतो. आपल्या मोनोसाठी तो उणे ०.२७ टक्के धरू. १२ पॅनल एका ओळीत जोडले, तर २५ अंशांना ५९७.६ व्होल्ट होतात. ६०० व्होल्ट मर्यादेच्या इन्व्हर्टरला हे चालेल असे वाटते. पण सकाळी सेल ५ अंशांवर असताना व्होल्टेज ५.४ टक्क्यांनी वाढून ६३० च्या जवळ जाते. ११ पॅनल जोडले असते, तर ते ५७७ वर राहिले असते. पॅनलची संख्या ठरवताना त्या जागेचे आजवरचे सर्वांत कमी तापमान विचारात घ्यायचे असते, ते एवढ्यासाठी.

## २.१ हा आकडा दोषाचा कधी मानावा?

डेटाशीटवर एसटीसीच्या शेजारी बहुधा एनओसीटीच्या स्थितीतील शक्तीचाही रकाना असतो, आणि खरेदीच्या वेळी तो क्वचितच कोणी वाचतो. त्या स्थितीत सेल ४५ अंशांवर, म्हणजे २५ पेक्षा २० अंशांनी जास्त तापलेला असतो आणि पॉलीची घट ८ टक्के होते, म्हणून आपल्या पॉली पॅनलसाठी तो ३३० गुणिले ०.८ गुणिले ०.९२, म्हणजे २४३ वॉटच्या आसपास असायला हवा. दहा पॅनलचे २.४३ किलोवॉट होतात आणि इन्व्हर्टर, तारा व धूळ यांचे चार-पाच टक्के वजा करून पडद्यावर २.३ दिसायला हवे. म्हणून पडताळणी ४० अंशांच्या दुपारी करू नये. हवा २० अंशांच्या आसपास असताना, वारा वाहत असताना आणि ऊन पॅनलवर शक्य तितके सरळ पडत असताना आकडा पाहावा. तेव्हा तो २.३ किंवा त्याहून वर गेला, तर उन्हाळ्यातील २.१ ही उष्णतेची वजाबाकी होती. तेव्हाही तो २.१ वरच अडकला, तर आधी काच धुऊन पाहावी, मग कुठल्या पॅनलवर सावली येते का ते पाहावे, आणि तरीही फरक पडला नाही तर बसवणाऱ्याकडून प्रत्येक ओळीचे व्होल्टेज मोजून घ्यावे. दहा पॅनलच्या ओळीत ते एका पॅनलच्या व्होल्टेजच्या तिसऱ्या हिश्शाएवढे कमी भरले, तर एखाद्या पॅनलमधील बायपास डायोड, म्हणजे पॅनलच्या अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारा भाग, बिघडल्याची शक्यता मोठी असते. पॅनल मोनो असो वा पॉली, त्याने या तपासणीत काही बदल होत नाही.